व्हेनिसला पासपोर्ट चोरीला गेला, रविवारी रात्री परतीचं विमान: ईसी मिळवण्यापासून पुण्यात नवा पासपोर्ट काढेपर्यंत

प्रश्न: माझी मावशी आणि काका इटलीला फिरायला गेलेत. आज शुक्रवारी संध्याकाळी व्हेनिसला वॉटरबसमध्ये मावशीच्या खांद्यावरच्या पर्समधून पासपोर्टचं पाकीट गेलं. त्यात थोडे युरो आणि फॉरेक्स कार्डही होतं. काकांचा पासपोर्ट शाबूत आहे. रविवारी रात्री मिलानहून आखातातून मुंबईला विमान आहे आणि आता दोन दिवस वकिलात बंद. इमर्जन्सी सर्टिफिकेट म्हणजे नक्की काय, ते दोन दिवसांत मिळतं का, आणि आम्ही इथे पुण्यात बसून काय करू शकतो?

उत्तर:

रविवारचं विमान मिळेल ही आशा आताच सोडा. बाकीचं सगळं त्यामुळे सोपं होतं. वकिलातीचा आणीबाणीचा फोन असतो आणि उद्या सकाळी शोधून झाल्यावर तो जरूर लावा, पण शनिवार-रविवारी तो मुख्यतः मृत्यू, अपघात, अटक अशा प्रसंगांसाठी उचलला जातो. पासपोर्ट चोरीसाठी सुट्टीच्या दिवशी ऑफिस उघडून कागद देणं हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे, त्यावर भरवसा ठेवून बेत आखू नये. विमान निघण्याआधीच एअरलाइनला फोन करून दोघांचंही तिकीट पुढे ढकला. विमानाला नुसतंच गेलं नाही तर ‘नो-शो’ लागतो आणि तिकिटाचे बरेचसे पैसे बुडतात. नवी तारीख सोमवार-मंगळवारची घेऊ नका, बुधवार रात्र किंवा गुरुवार घ्या. लोक घाईने सोमवारची घेतात आणि मग बदलाचा चार्ज दोनदा भरतात.

आता ईसीबद्दल. इमर्जन्सी सर्टिफिकेट हा भारतीय नागरिकाला भारतात परत येण्यासाठी, एकाच दिशेचा, थोड्या मुदतीचा प्रवास-कागद आहे. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात पासपोर्टखेरीज जे प्रवास-कागद सांगितले आहेत, त्यांपैकी हा एक. आखातातून येणारी मंडळी याला आउटपास म्हणतात. त्यावर पुढे स्वित्झर्लंड पाहून येऊ, असं चालत नाही. मावशींच्या बाबतीत हाच कागद योग्य आहे, कारण त्या पर्यटक आहेत आणि त्यांना घरीच यायचं आहे. तिथे शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्याला मात्र मी सहसा ईसी घेऊ देत नाही. तो ईसीवर पुण्याला आला की परत जायला नवा पासपोर्ट लागतो, नव्याने व्हिसा लागतो, आणि हातातलं सेमिस्टर किंवा नोकरी लटकते. त्याने थोडे दिवस थांबून तिथल्याच वकिलातीतून नवा पासपोर्ट घ्यावा.

चोरी झाली आहे हे जवळपास नक्की असलं तरी वकिलातीला कळवण्याआधी उद्या सकाळचा वेळ शोधण्यात घालवा. कारण साधं आहे. पासपोर्ट हरवल्याची नोंद एकदा सरकारी यंत्रणेत झाली की तो क्रमांक रद्द होतो आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या इंटरपोलच्या यादीतही जाऊ शकतो. मग तासाभराने कुणी पासपोर्ट आणून दिला तरी त्यावर विमानात बसता येत नाही. विमानतळावर तो स्कॅन झाला की तुम्हीच अडकाल. खिसेकापूंना युरो हवे असतात, पासपोर्ट पुष्कळदा कचऱ्याच्या डब्यात किंवा बाकावर टाकलेला सापडतो. वॉटरबस कंपनीच्या हरवले-सापडले खिडकीवर आणि हॉटेलच्या काउंटरवर विचारून या. फॉरेक्स कार्ड मात्र या क्षणी ब्लॉक करा, त्याला सकाळची वाट पाहू नका.

पोलिसांत तक्रार शनिवारीच नोंदवायची. तिथे ही तक्रार स्टेट पोलिसांच्या क्वेस्तुरा म्हणजे मुख्य कचेरीत किंवा काराबिनिएरी या दलाच्या ठाण्यात घेतात, रेल्वे स्टेशनवर रेल्वे पोलिसांचीही चौकी असते. तिथे ‘देनुंचा’ पाहिजे असं म्हणायचं, म्हणजे लेखी तक्रार. चोरी असेल तर ‘फुर्तो’, हरवलं असेल तर ‘स्मारिमेंतो’, आणि कागदावर यापैकी काय लिहिलंय ते पाहून घ्यायचं. मावशींना पाकीट ओढलेलं जाणवलं असेल तर चोरीच लिहा, उगाच ‘बहुतेक पडलं असेल’ असं मोघम सांगू नका. हीच हकीकत पुढे विमा कंपनीला, वकिलातीला आणि पुण्याच्या पासपोर्ट ऑफिसला द्यायची आहे. ती तिन्ही ठिकाणी सारखी हवी.

त्या कागदावर शिक्का, सही, तारीख आणि पासपोर्टचा क्रमांक आहे ना, हे ठाण्यातून बाहेर पडण्यापूर्वीच तपासा. क्रमांकात एक अक्षर आणि सात आकडे असतात, त्यातला एखादा आकडा इकडचा तिकडे झाला तर सोमवारी खिडकीवरून परत पाठवतील. मूळ प्रत सांभाळा आणि तिथल्याच दुकानात चार-पाच झेरॉक्स काढा. कागद इटालियनमध्ये असेल. वकिलातीला त्याची सवय असते, पण इथे पुण्यात लागेल म्हणून इंग्रजी भाषांतर पुढे करून घ्यावं लागेल.

आता तुमचं काम, जे खरंच पुण्यात बसून होतं. वकिलातीतला अधिकारी ईसी देताना एकच गोष्ट पक्की करतो: समोर बसलेली बाई भारतीय नागरिक आहे आणि ती जे नाव सांगते तीच आहे. हे पटेपर्यंत कागद मिळत नाही, आणि पटायला किती वेळ लागतो यावरच सगळे दिवस ठरतात. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत हातात असेल तर तो यंत्रणेत क्रमांक टाकतो, फोटो जुळतो, आणि काम पुष्कळदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी होतं. प्रत नसेल तर नाव, जन्मतारीख, आईवडिलांचं नाव यांवरून शोध घ्यावा लागतो. नोंद सापडली नाही किंवा काही जुळलं नाही तर भारतात ज्या पासपोर्ट ऑफिसने तो दिला, त्यांच्याकडे विचारणा जाते. तिथे दिवस जातात.

म्हणून आज रात्रीच प्रत शोधा. घरातल्या फायलीत नसेल तर ती आणखी कुठे कुठे पडलेली असते ते सांगतो. टूर कंपनीला दिलेली असते. व्हिसाच्या अर्जाच्या फायलीत असते. फॉरेक्स कार्ड घेताना बँकेने किंवा मनी चेंजरने केवायसीसाठी घेतलेली असते. प्रवास-विम्याच्या पॉलिसीवर निदान क्रमांक छापलेला असतो. बहुतेकांच्या घरी ती व्हॉट्सअ‍ॅपवर मुलाला पाठवलेल्या जुन्या फोटोत निघते. शेवटचं पान विसरू नका, कारण आईवडील, जोडीदार, पत्ता आणि फाइल क्रमांक तिथे असतो. शेंगेन व्हिसाच्या स्टिकरचा फोटो मिळाला तर तोही घ्या. त्याचा वेगळा उपयोग पुढे येईल.

काकांचा पासपोर्ट हाही मोठा पुरावा आहे. त्याच्या शेवटच्या पानावर जोडीदाराचं नाव छापलेलं असतं, आणि तिथलं मावशींचं स्पेलिंग अर्जातल्या स्पेलिंगशी जुळतं का ते आताच बघा. आपल्याकडे नावाचा घोळ ठरलेला. पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव, म्हणजे समजा ‘सुनंदा मधुकर’, आणि आडनाव वेगळ्या रकान्यात असतं. तिकिटावर मात्र नुसतं ‘सुनंदा’ आणि आडनाव असतं. ईसीचा अर्ज करताना मावशींनी सवयीने नुसतं ‘सुनंदा’ लिहिलं तर यंत्रणेतल्या नोंदीशी ते जुळत नाही. अर्ज अक्षरन् अक्षर जुन्या पासपोर्टप्रमाणेच भरायचा, मग तिकीट कसंही असो.

सोमवारी जायचं कुठे, हे आधी ठरवा. इटलीत रोमला राजदूतावास आणि मिलानला महावाणिज्य दूतावास आहे. व्हेनिस ज्या व्हेनेतो प्रांतात येतं तो मिलानच्या हद्दीत आहे, आणि तुमचं विमानही मिलानहूनच आहे. त्यामुळे रोमचा विचार सोडा. काही गावांत मानद वाणिज्यदूत असतात. ते फोनवर मदत करतात, पण ईसी काढून देत नाहीत. मिलान दूतावासाच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी पाहा: सोमवारी सुट्टी नाही ना, कारण दूतावास भारतातल्या काही आणि तिथल्या काही सुट्ट्या पाळतो, ईसीचा अर्ज दूतावासाच्या खिडकीवर घेतात की बाहेर नेमलेल्या केंद्रावर, आणि वेळ आधी ठरवावी लागते का. सरकारी पत्ता `.gov.in` वर संपतो. ‘तातडीने ईसी काढून देऊ’ म्हणणाऱ्या खासगी साइट शोधयादीत वरच्या बाजूला दिसतात, त्यांना एक युरोही देऊ नका.

अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. दूतावासाच्या संकेतस्थळावरूनच परदेशातल्या अर्जदारांसाठीच्या पासपोर्ट सेवा पोर्टलची लिंक मिळते, आणि त्या पत्त्याचा शेवट `passportindia.gov.in` असा असतो. तिथे खातं उघडताना जागा म्हणून मिलान निवडायचं. मावशींकडून फोनवर हे होणार नाही. तुम्ही पुण्यातून लॅपटॉपवर भरा, ओटीपीसाठी काकांचा मेल किंवा मोबाइल द्या, आणि छापील अर्जाची पीडीएफ हॉटेलला मेल करा. हॉटेलवाले प्रिंट काढून देतात. सही मात्र मावशींची, चौकटीच्या आत.

अर्जासोबत मूळ देनुंचा, पासपोर्टची प्रत, व्हिसाची प्रत, आधार किंवा दुसरं कुठलंही भारतीय ओळखपत्र, पुढे ढकललेलं तिकीट, फोटो, आणि पासपोर्ट कसा गेला याचं अर्ध्या पानाचं साधं निवेदन. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचे, आणि आकार दूतावासाच्या सूचनेत लिहिलाय तोच. स्टेशनवरच्या मशीनमधला फोटो तिथल्या ओळखपत्राच्या आकाराचा निघतो, तो इथे चालतो का ते आधी बघा. फी जास्त नसते, वर भारतीय समुदाय कल्याण निधीसाठी थोडी रक्कम घेतात. ती रोखीने की कार्डाने, हेही संकेतस्थळावर बघून ठेवा, कारण मावशींचं कार्ड आता ब्लॉक आहे आणि काकांच्या खिशावरच सगळं आहे. पावती जपा, विम्यासाठी लागते.

शनिवार-रविवारचा मुक्काम शक्यतो त्याच हॉटेलात वाढवा. इटलीत हॉटेलला प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते. मावशींचा पासपोर्ट या हॉटेलने पाहून नोंदवलेला आहे, नवं हॉटेल मूळ पासपोर्ट मागेल आणि काउंटरवर अर्धा तास वाद होईल. मिलानला राहावंच लागलं तर देनुंचाची प्रत आणि पासपोर्टची प्रत दोन्ही पुढे करायची. सोमवारी मेस्त्रे स्टेशनवरून पहाटेची वेगवान गाडी घेतली तर साधारण अडीच तासांत मिलान येतं. खिडकी उघडताना तिथे असणं शक्य आहे.

खिडकीवर अधिकारी प्रश्न विचारेल. जन्मगाव कोणतं, आईचं नाव काय, पासपोर्ट कुठून आणि साधारण कधी काढला, याआधी कधी हरवला होता का. मावशी घाबरलेल्या असतील, काका मधे बोलायला लागतील. त्यांना आधीच सांगून ठेवा की उत्तरं मावशींनीच द्यायची. यात चौकशीचा सूर असला तरी ती ओळख पटवण्याची पद्धत आहे.

ईसी हातात पडली की खिडकीपासून हलण्याआधी वाचा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, मुदत कधीपर्यंत, आणि फोटोवर शिक्का. मुदत बुधवारपर्यंतच असेल आणि तिकीट गुरुवारचं असेल तर तिथेच सांगा. मग दोन्ही बाजूंची झेरॉक्स आणि मोबाइलवर फोटो. याचं कारण पुण्याच्या भागात सांगतो.

आता ज्याकडे लोकांचं लक्ष जात नाही असा भाग. ईसीने भारतात प्रवेश मिळतो, पण परक्या देशातून बाहेर पडण्याची आणि मधल्या देशातून जाण्याची व्यवस्था तुम्हालाच बघावी लागते. इटलीतून बाहेर पडताना सीमा पोलीस विचारतील की या बाई शेंगेनमध्ये कधी आल्या आणि किती दिवस राहायची परवानगी होती. येतानाचा शिक्का मारला असेल तर तो चोरीला गेलेल्या पासपोर्टात गेला. इथे व्हिसाच्या स्टिकरची प्रत, येतानाचा बोर्डिंग पास किंवा तिकीट, आणि देनुंचा कामाला येतो. व्हिसावर मुक्कामाचे दिवस छापलेले असतात ते मोजा. पुढे ढकललेल्या तारखेने ते ओलांडले जात असतील तर विमानतळावर जाऊन बघू असं म्हणू नका. अनपेक्षित कारणाने मुक्काम वाढवून देण्याची तरतूद शेंगेन नियमांत आहे, त्यासाठी क्वेस्तुरात देनुंचा घेऊन जायचं आणि काय सांगितलं ते लेखी घ्यायचं.

इटलीत निदान हे एवढ्यावर भागतं. व्हिएतनाम आणि थायलंडला, जिथे आपल्याकडचे ग्रुप आता सारखे जातात, ईसी मिळाल्यावर तिथल्या इमिग्रेशन ऑफिसात जाऊन बाहेर पडण्याची परवानगी किंवा आगमनाची नोंद नव्या कागदावर करून घ्यावी लागते. ते न करता विमानतळ गाठला तर परत पाठवतात.

तुमच्या तिकिटात आखातात विमान बदलायचं आहे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील, सामान थेट मुंबईपर्यंत टॅग होत असेल आणि मावशी विमानतळाच्या आतच राहणार असतील तर सहसा अडचण येत नाही. टप्पे वेगवेगळ्या तिकिटांवर असतील तर मधे बाहेर पडून सामान घ्यावं लागेल, आणि ईसीवर तिथला व्हिसा मिळणार नाही. तसं असेल तर तिकीट बदलायच्या या संधीत थेट भारतात येणारं विमान पाहा, दिल्लीचं का असेना. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला बदल करून येणारंही टाळा. तो पहिला टप्पा शेंगेनच्या आतला असतो, बाहेर पडण्याची तपासणी दुसऱ्याच देशात होते आणि तिथल्या पोलिसाला सगळी कथा पहिल्यापासून सांगावी लागते.

एअरलाइनला फोन करून बुकिंगमधला पासपोर्ट क्रमांक काढून तिथे ईसीचा क्रमांक टाकायला सांगा. ऑनलाइन चेक-इन होणार नाही. काउंटरवरच्या मुलीने आयुष्यात ईसी पाहिलेली नसेल हे गृहीत धरून चार तास आधी जा. ती संगणकावर एअरलाइन्सच्या ‘टायमॅटिक’ यादीत नियम बघते आणि पर्यवेक्षकाला बोलावते. शांतपणे म्हणायचं की हा भारत सरकारचा प्रवास-कागद आहे, भारतात जाण्यापुरता. काकांनी आपला पासपोर्ट शेजारी ठेवावा, त्याने बराच फरक पडतो.

भारतात उतरल्यावर इमिग्रेशनचा अधिकारी ईसी बहुतेक वेळा काढून घेतो. तिचं काम तिथे संपतं. झेरॉक्स काढायला सांगितलं ते यासाठी. दिल्लीला उतरून पुण्याच्या विमानात बसायचं असेल तर आधार चालतं. तेही पर्समध्ये गेलं असेल तर मोबाइलवरच्या अ‍ॅपमधलं दाखवा.

पुण्यात आल्यावर `passportindia.gov.in` वर अर्ज करताना ‘नवीन’ न निवडता ‘री-इश्यू’ निवडायचं आणि कारण ‘पासपोर्ट हरवला’. ‘नवीन’ निवडून जुना पासपोर्ट होता हे लपलं तर माहिती दडवल्याचा मुद्दा निघतो, आणि तो निस्तरायला मुंढव्याहून बाणेरच्या प्रादेशिक कार्यालयात खेपा घालाव्या लागतात. ३६ पानी पासपोर्टला हरवल्याच्या प्रकारात ३,००० रुपये आणि ६० पानीला ३,५०० रुपये फी आहे, ३६ पानीला ती साध्या नूतनीकरणाच्या १,५०० च्या दुप्पट. मुंढव्याच्या सेवा केंद्रात मूळ देनुंचा आणि तिचं इंग्रजी भाषांतर, ईसीची प्रत, बोर्डिंग पास, पत्त्याचा पुरावा आणि परिशिष्ट ‘एफ’ हे प्रतिज्ञापत्र न्यायचं. त्या प्रतिज्ञापत्रात पासपोर्ट कुठे, कसा गेला आणि याआधी किती वेळा गेला ते लिहावं लागतं. व्हेनिसच्या ठाण्यात जे लिहिलं त्याच्याशी तारीख आणि जागा जुळवून लिहा. पोलीस पडताळणी बहुधा पुन्हा होते, त्यामुळे पुढच्या महिन्यात दुबई ठरली असेल तर ती पुढे ढकला.

विम्याचं शेवटी. बहुतेक प्रवास-पॉलिसीत पासपोर्ट हरवल्याचं कलम असतं आणि त्यात ईसीची किंवा नव्या पासपोर्टची फी मिळते. तिकीट बदलल्याचा खर्च आणि वाढीव हॉटेल मात्र त्यात क्वचितच धरतात. पोलिसांत किती तासांत तक्रार द्यायची याचीही अट असते, अनेक ठिकाणी ती २४ तासांची असते. म्हणून देनुंचा उद्याच. आणि विमा कंपनीच्या परदेशातल्या मदत क्रमांकावर आज रात्रीच एक फोन करून क्लेम क्रमांक घेऊन ठेवा, मदत क्रमांक पॉलिसीच्या पहिल्या पानावर असतो.